चकती, शंकू आणि पेला

कॉफीच्या नादी लागलेल्या चार माणसांत ग्राइंडरचा विषय निघाला की कुणीतरी ते ठरलेलं वाक्य टाकतंच: फ्लॅट बर म्हणजे क्लॅरिटी, कोनिकल बर म्हणजे बॉडी. बर म्हणजे ग्राइंडरमधले दळणारे दातेरी भाग, क्लॅरिटी म्हणजे चवी सुट्या कळणं आणि बॉडी म्हणजे जिभेवरचा जडपणा. बाकीचे मान डोलावतात, मग किमती निघतात आणि सगळे गप्प बसतात. माझ्या ओट्यावर दोन्ही जातीचे ग्राइंडर आहेत. एक हाताने फिरवायचा कोनिकल, दुसरा विजेवरचा, ६४ मिलिमीटरच्या फ्लॅट बरचा. दोघांशी रोजचा संबंध असल्यामुळे त्या वाक्याशी माझं थोडं भांडण आहे. ते मांडायचं तर आधी दोन्ही यंत्रं खोलून आत डोकवायला हवं.

फ्लॅट बर समजायला मराठी माणसाला वेळ लागू नये. ते जातंच आहे, फक्त पोलादाचं. दोन गोल चकत्या समोरासमोर, दोघींच्या तोंडावर दाते कोरलेले. घास मधल्या भोकातून आत जातो आणि दळलेला माल कडेने बाहेर पडतो. मधल्या भागातले दाते मोठे आणि खोल असतात, ते बी नुसतं फोडतात. कडेकडे जावं तसे ते बारीक आणि उथळ होत जातात, आणि अगदी काठावर दोन चकत्यांमध्ये जेवढी फट उरते तेवढीच पूड जाड किंवा बारीक निघते. जातं आपण सावकाश ओढतो. इथे मोटर चकतीला मिनिटाला शेकडो फेरे देते, त्यामुळे कण मध्यापासून कडेला अक्षरशः भिरकावले जातात. म्हणूनच काही फ्लॅट ग्राइंडरमध्ये चकत्या उभ्या बसवलेल्या असल्या तरी त्यांचं काही अडत नाही.

कोनिकलमध्ये एक दातेरी शंकू असतो आणि त्याच्याभोवती एक दातेरी कडं. शंकूचे वरचे दाते स्क्रूच्या आट्यांसारखे तिरपे जातात, ते बी धरतात, मोडतात आणि खाली ओढतात. खाली फट अरुंद होत जाते आणि तळाच्या काठावरून पूड खाली पडते. इथे भिरकावणं नाही. माल आपल्या वजनाने आणि दात्यांच्या ओढीने उतरतो, म्हणून हे काम हळू फिरवूनही होतं आणि जोरही बेताचाच लागतो. हाताने फिरवायचे जवळजवळ सगळे ग्राइंडर कोनिकल असतात ते याचमुळे. त्यात चवीचं तत्त्वज्ञान शोधू नये, मनगटाची सोय आहे ती.

आता खरी गोष्ट. भाजलेलं कॉफीचं बी ठिसूळ असतं. ते कापलं जात नाही, फुटतं. आणि फुटताना ते कधीच एका मापाचे तुकडे देत नाही. हव्या त्या मापाची भरड मिळते, पण तिच्यासोबत प्रत्येक भेगेपाशी बीच्या पेशींच्या भिंतींचा चुरा सुटतो. हा चुरा एक दशांश मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो. त्याला कॉफीवाले फाइन्स म्हणतात, आपण वस्त्रगाळ पूड म्हणू. मजा अशी की ग्राइंडर जाड लावा नाहीतर बारीक, या चुऱ्याचं माप फारसं बदलत नाही, कारण ते बीच्या पेशींच्या मापाने ठरतं. बदलतं ते त्याचं प्रमाण. पूड मापून आलेख काढला तर त्यात दोन उंचवटे दिसतात, एक भरडीचा आणि एक या चुऱ्याचा. जाड लावलं की भरडीचा उंचवटा सरकतो, चुऱ्याचा जागच्या जागी वरखाली होतो.

फ्लॅट विरुद्ध कोनिकल हा वाद मुळात या दोन उंचवट्यांचा आहे. साधारणपणे चांगल्या फ्लॅट बरमधून भरडीचा उंचवटा अरुंद येतो, म्हणजे कण एकमेकांच्या मापाच्या जवळ असतात, आणि चुरा त्यामानाने कमी निघतो. कोनिकलमध्ये भरड जरा पसरट आणि चुरा जास्त. ‘साधारणपणे’ हा शब्द मी मुद्दाम टाकलाय, त्याच्याकडे पुढे परत यायचंय.

चुऱ्याने पेल्यात काय होतं? एक तर इतक्या बारीक कणातून जे निघायचं ते काही सेकंदांत निघून जातं आणि मग पाणी त्याच्यातलं कडू, जिभेला कोरडं करणारं काहीबाही ओढत राहतं. त्याच वेळी शेजारच्या जाड कणाचं पोट अजून भिजलेलंही नसतं, त्यातून आंबट आणि हिरवट चव येते. दोन्ही एकाच पेल्यात आले की चवी एकमेकींवर सांडतात. दुसरं म्हणजे चुरा जागा अडवतो. पाण्याबरोबर वाहत तो कागदाच्या छिद्रांशी जाऊन बसतो आणि पाणी तुंबतं. तिसरी गोष्ट चुऱ्याच्या बाजूची: गाळणीतून जो पेल्यात पोहोचतो तो जिभेवर जडपणा आणतो. एकच कण एका पेल्यात दोष ठरतो आणि दुसऱ्यात गुण, ते यामुळे.

हे सगळं बोलायला सोपं आहे, ओट्यावर तपासताना मात्र एक खोडा येतो. दोन ग्राइंडर कोणत्या सेटिंगला एकमेकांशी तोलायचे? दोघांच्या डायलवरचे आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. एकाचा ‘पाच’ दुसऱ्याच्या ‘वीस’च्या जवळ असू शकतो. डोळ्यांनी सारखी दिसणारी भरड घेतली तर काय होतं ते सांगतो. कॉफी घेतली चिकमगळूरच्या रत्नागिरी इस्टेटची, हलकी भाजलेली. (नाव वाचून आंब्याची आठवण येते खरी, पण मळा कर्नाटकात आहे, आपल्या कोकणाशी त्याचा संबंध नाही.) १५ ग्रॅम पूड, २५० ग्रॅम पाणी, ९४ अंश. व्ही-६० नावाची शंकूच्या आकाराची गाळणी आणि तिच्यात पांढरा कागद. आधी ४५ ग्रॅम पाणी ओतून पाऊण मिनिट थांबायचं, मग उरलेलं पाणी दोन हप्त्यांत. ओतण्याची लय दोन्ही वेळा तीच ठेवायची, किटलीची उंचीही तीच.

कोनिकलची कॉफी साधारण तीन मिनिटांत उतरली. कागदाच्या भिंतींवर चॉकलेटी चिखलाचा पातळ थर आणि तळाशी सपाट, गुळगुळीत गाळ. फ्लॅटची त्याच दिसणाऱ्या भरडीची कॉफी सव्वादोन मिनिटांच्या आसपास निथळून गेली. गाळ रवाळ, मधे दाणे वेगवेगळे दिसणारे. चव घेतली तर फ्लॅटची कॉफी स्वच्छ होती यात वाद नाही, पण पाणचटही होती. लिंबासारखी धार पुढे, मागे काही नाही. इथे थांबलं असतं तर ‘फ्लॅट म्हणजे पातळ’ असा निकाल लागला असता, आणि पुष्कळ लोक नेमके इथेच थांबतात.

पण कमी चुरा निघत असेल तर पाणी तुंबत नाही, आणि तुंबत नसेल तर पूड आणखी बारीक करायला जागा आहे. फ्लॅट थोडाथोडा बारीक करत नेला, कॉफी उतरायला पुन्हा तीन मिनिटं लागेपर्यंत. आता भरड कोनिकलपेक्षा डोळ्यांना उघड बारीक दिसत होती, आणि तरी वेळ तोच. या पेल्यात पाणचटपणा गेला. धारेच्या मागून गोडवा आला, लाल द्राक्षासारखं काहीतरी आलं, आणि ते सगळं वेगवेगळं कळत होतं. माझ्या मते फ्लॅट बरच्या क्लॅरिटीचं मर्म इथे आहे. चुरा कमी असल्यामुळे तुम्हाला बारीक दळण्याची मुभा मिळते, बारीक दळल्यामुळे प्रत्येक कणाच्या पोटापर्यंत पाणी पोहोचतं, आणि कडवटपणा न आणता कॉफीतून जास्त काही काढता येतं. ही मुभा वापरली नाही तर फ्लॅट बरचे पैसे फुकट जातात.

किती काढलं हे मोजायचं असेल तर रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं यंत्र मिळतं. पेल्यातल्या कॉफीत विरघळलेला माल किती टक्के आहे ते ते सांगतं. हिशेब सरळ आहे. समजा २५० ग्रॅम पाण्यातले ३० ग्रॅम पुडीने धरून ठेवले आणि पेल्यात २२० ग्रॅम उतरली. मीटर १.३५ टक्के दाखवत असेल तर २२० गुणिले १.३५ भागिले १५, म्हणजे पुडीच्या वजनाच्या १९.८ टक्के माल निघाला. तोच मीटर १.४५ दाखवू लागला तर आकडा २१.३ टक्क्यांवर जातो. एवढासा फरक जिभेला सहज कळतो. म्हणून दोन बरची तुलना करताना एक तर उतरण्याचा वेळ सारखा करावा, नाहीतर हा आकडा. डायल आणि डोळा दोन्ही फसवतात. आणि पेले कोणते कुणाचे हे घरातल्या दुसऱ्या माणसाला ठरवू द्यावं. तीन पेले मागवायचे, दोन एका ग्राइंडरचे, एक दुसऱ्याचा, वेगळा ओळखायचा. वेळ सारखा केल्यावर हे काम वाटतं त्यापेक्षा बरंच अवघड आहे. गरम असताना तर मला ते धड जमतही नाही. कॉफी कोमट झाली की फरक वर येतो.

मघाच्या ‘साधारणपणे’चं आता बघू. जात्याच्या दोन तळ्या एकमेकींशी समांतर नसतील तर एका बाजूने रवा येतो आणि दुसऱ्या बाजूने पीठ. फ्लॅट बरचंही तंतोतंत हेच होतं. मापाचा निवाडा काठावरच्या फटीत होतो, आणि चकती केसभर कलली असली की फट एकीकडे रुंद, दुसरीकडे अरुंद. मग जाड तुकडे आणि वस्त्रगाळ चुरा एकत्र येतो आणि महागाचा फ्लॅट ग्राइंडर स्वस्त कोनिकलपेक्षा गढूळ कॉफी देऊ लागतो. स्वस्तातल्या फ्लॅट ग्राइंडरांत हे बऱ्याचदा आढळतं. विकत घेतलेली क्लॅरिटी मग बरच्या बैठकीत अडकलेली असते.

तपासायची रीत सोपी आहे, पण घाई नको. प्लग काढायचा, यंत्र खोलायचं, ब्रशने जुनी पूड झाडायची, विशेषतः चकतीच्या पाठीमागची आणि स्क्रूच्या खाचांतली. तिथे अडकलेला एक कणही चकती कलवायला पुरतो. मग एका चकतीच्या बाहेरच्या काठावर पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या मार्करने गोल रंग फिरवायचा. यंत्र परत जोडायचं आणि हाताने फिरवत फिरवत डायल बारीककडे न्यायचा, दोन चकत्या एकमेकींना टेकल्याचा किणकिणाट ऐकू येईपर्यंत. एक-दोन फेरे तसेच, मग उघडून बघायचं. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली असेल तर काही करू नका. अर्ध्याच काठावरची पुसली असेल तर ती बाजू उंच आहे. जिथे शाई शाबूत राहिली तिथे चकतीच्या खाली, बैठकीवर, स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा नखाएवढा तुकडा ठेवायचा. ती फॉइल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास जाड असते, आणि इथे खेळ तेवढ्याच जाडीचा आहे. स्क्रू एकदम न आवळता आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. पुन्हा शाई, पुन्हा तपासणी. माझ्या ग्राइंडरमध्ये एका अंगाला असा फॉइलचा तुकडा अजून बसलेला आहे आणि तो बसवण्याआधीची व नंतरची कॉफी यांत जो फरक होता, तो फ्लॅट आणि कोनिकलमधल्या फरकाहून मोठा होता.

शंकूचीही बैठक बिघडते. हाताच्या ग्राइंडरमध्ये दांडा डुगडुगत असेल तर शंकू कड्याच्या मध्यावर राहत नाही, आणि जाड दळताना, फट रुंद असताना, ते जास्त जाणवतं. दांड्याला वर आणि खाली दोन्हीकडे बेअरिंग असलेले ग्राइंडर म्हणून जास्त पैसे मागतात. ते पैसे जागी लागतात.

दुसरी गोष्ट दात्यांची. ‘फ्लॅट’ हे चकतीचं नाव झालं, तिच्यावर काय कोरलंय ते त्यात येत नाही. कोरियाच्या एसएसपी कंपनीच्या ६४ मिलिमीटरच्या चकत्या घ्या. एकाच मापाच्या, एकाच ग्राइंडरमध्ये बसणाऱ्या, पण दात्यांची नक्षी निरनिराळी. एका नक्षीतून इतकी सुटी, नितळ कॉफी येते की काहींना ती कोरडी वाटते. दुसऱ्या एका नक्षीची, ओतीव घडणीची चकती बरीचशी कोनिकलसारखी वागते, दाट आणि गोलसर. उलटीकडे तैवानच्या वनझीप्रेसोचा झेडपी६ हा हाताने फिरवायचा ग्राइंडर कोनिकल असूनही फिल्टर कॉफीतल्या नितळपणासाठीच ओळखला जातो, आणि एस्प्रेसोसाठी तो घेऊ नका असंच लोक सांगतात. म्हणजे शंकूचीही नक्षी अशी कोरता येते की चुरा कमी निघावा. आकार दिशा दाखवतो, पण शेवटचा शब्द दात्यांचा आणि बैठकीचा असतो.

‘फ्लॅट म्हणजे क्लॅरिटी’ हे समीकरण इतकं रुजलं कसं, त्याचं बरंचसं श्रेय एका अवजड यंत्राला जातं. जर्मनीतल्या मालकोनिगचा ईके४३ हा मुळात दुकानातला ग्राइंडर. गिऱ्हाइकाची कॉफी दळून पिशवीत भरून द्यायची, एवढं त्याचं काम. त्यात ९८ मिलिमीटरच्या उभ्या चकत्या. २०१३ साली मेलबर्नला जागतिक बरिस्ता स्पर्धा झाली, तिथे ऑस्ट्रेलियाच्या मॅट पर्गरने हा दुकानी ग्राइंडर एस्प्रेसोसाठी वापरला आणि दुसरा क्रमांक मिळवला. तोवर एस्प्रेसोच्या खास ग्राइंडरांमध्ये मोठ्या शंकूंना मान होता. ईके४३च्या एस्प्रेसोत माल जास्त निघत होता, चवी सुट्या कळत होत्या, आणि अंग मात्र बारीक होतं. जगभरच्या कॅफेंनी मग हे धूड काउंटरवर आणून ठेवलं. आज घरगुती फ्लॅट ग्राइंडरची जी लाट आहे तिच्या मुळाशी हाच प्रकार आहे.

एस्प्रेसोतच हा फरक सर्वांत उघडा पडतो, कारण तिथे कागद नाही. टोपलीत दाबलेल्या पुडीतून नऊ बारच्या दाबाने पाणी जातं, आणि त्या पाण्याला अडवण्याचं काम बरंचसं चुराच करतो. जाड कणांमधल्या पोकळ्या तो भरून काढतो. कोनिकलमध्ये चुरा मुबलक, म्हणून पाणी मुकाट वाहतं, कॉफी मधासारखी जाड धार धरते, आणि डायल थोडा इकडेतिकडे झाला तरी पेला पिण्याजोगा येतो. एकसारख्या मापाची पूड देणाऱ्या फ्लॅटमध्ये तोच अडथळा मिळवायला खूप बारीक जावं लागतं. टोपलीत पूड नीट पसरली नसेल तर पाणी एखादी फट शोधून तिथूनच पळतं. खालून बघितलं तर एका जागी फिकट पिवळी धार सुटलेली दिसते, आणि पेल्यात एकाच वेळी आंबट आणि कडू लागतं. सकाळी घाईत दूध घालून कॉफी पिणाऱ्या माणसाने हा उपद्व्याप का करावा, मला कळत नाही. दुधात सुट्या चवी अशाही बुडतात. उरतो तो दाटपणा आणि भाजणीचा गोडवा, आणि ते कोनिकल बिनतक्रार देतो.

कागदाच्या गाळणीत मात्र ‘कोनिकलची बॉडी’ हे प्रकरण बरंच पातळ होतं. चुरा आणि तेल दोन्ही कागद जवळजवळ सगळंच अडवतो. मग पेल्यात जो जडपणा लागतो तो मुख्यतः विरघळलेल्या मालाचा, म्हणजे कॉफी किती तीव्र केली त्याचा. बॉडी हवी असेल तर २५० ग्रॅमऐवजी २२५ ग्रॅम पाणी घ्या, ग्राइंडर बदलायची गरज नाही. फ्रेंच प्रेस किंवा पितळी, स्टीलचे फिल्टर ही गोष्ट निराळी. तिथे चुरा थेट पेल्यात उतरतो, पेल्याच्या तळाशी बोटाला लागतो. कोनिकलचा जाडपणा तिथे खरोखर जिभेवर येतो.

माटुंग्याला कॉफी दळून देणाऱ्या दुकानांत गेलात तर आणखी एक गंमत दिसेल. तिथली मोठी दळणयंत्रं बहुधा चकत्यांचीच, म्हणजे फ्लॅट. त्या कॉफीला कुणी क्लॅरिटीचं सर्टिफिकेट देत नाही, द्यायचं कारणही नाही. काळसर भाजलेलं बी, बारीक दळण, सोबत चिकोरी, मग स्टीलच्या फिल्टरमध्ये संथ उतरणारा डिकॉक्शन आणि वर उकळतं दूध. चकत्या फ्लॅट असून पेला दाट.

म्हणून कुणी विचारलं की काय घेऊ, तर मी आधी विचारतो की पितोस काय आणि गाळतोस कशातून. हलकी भाजलेली कॉफी, कागदाची गाळणी, बिनदुधाची सवय, आणि शाई लावून चकत्या तपासायचा कंटाळा नसेल तर फ्लॅट. मोका पॉट, दूध, गडद भाजणी, किंवा प्रवासात बरोबर नेण्याची हौस असेल तर हाताचा बरा कोनिकल, आणि वाचलेल्या पैशांत ताजी कॉफी. माझ्याकडे दोन्ही असूनही मॉन्सून मलबार आणली की मी फ्लॅटला हात लावत नाही. पावसाळी वाऱ्यात फुगवलेलं ते बी, आंबटपणा त्यात नावालाच. फ्लॅटमधून काढलं की त्याची लाकडी, मातकट चव एकटीच पुढे येऊन उभी राहते आणि बोलायला तिच्याजवळ दुसरं काही नसतं. कोनिकलमधून, फ्रेंच प्रेसच्या भरडीपेक्षा दोन खटके बारीक, चार मिनिटं, वरचा फेस चमच्याने काढून, मग आणखी दोन-तीन मिनिटं गाळ खाली बसू द्यायचा. शेवटचा घोट पेल्यातच ठेवायचा, तो नुसता चुऱ्याचा असतो.